स्थूल अर्थशास्त्राचा शेवटचा पेपर: चार आठवड्यांचं वेळापत्रक तपासून द्या

गूळपोळी
नमस्कार मंडळी. बी.ए.चं शेवटचं सत्र, अर्थशास्त्र विशेष. दिवसभर दुकानात हिशेब बघते, त्यामुळे अभ्यासाला रात्री नऊ ते अकरा एवढेच दोन तास, आणि रविवारी दुपार. पेपरला बरोबर चार आठवडे राहिलेत. अभ्यासक्रमातले तीनच भाग खरे वजनदार आहेत: आर्थिक वृद्धी, चलनवाढ आणि बेरोजगारी. मी असं ठरवलंय: पहिला आठवडा वृद्धी, दुसरा चलनवाढ, तिसरा बेरोजगारी, चौथा नुसती उजळणी. नोट्स सगळ्या आहेत, वाचून झाल्यात एकदा. पण मागच्या सत्रात असंच वेळापत्रक केलं होतं आणि पेपरात उदाहरणं सोडवताना हात थांबला. वेळापत्रकात काय चुकतंय?

पांढरा_रस्सा
काही चुकत नाही. चौथ्या आठवड्यात उजळणी होत नसते, तेवढंच. घरात कुणाचं तरी लग्न निघतं.

रंकाळ्याचा_बगळा
+१. माझ्या वेळी चौथ्या आठवड्यात पंचगंगेला पूर आला आणि पेपरच पुढं गेला. तीन आठवडे जास्त मिळाले, तरी नापास झालो. नाद खुळा.

आकडेमोड
मी ही उजळणी दोन वेळा केलीय, एकदा स्वतःसाठी आणि एकदा धाकट्या भावासाठी. वेळापत्रकापेक्षा पहिला प्रश्न हा, की नोट्स 'वाचून झाल्यात' म्हणजे काय? वही मिटून कोऱ्या कागदावर सोलोच्या वृद्धी मॉडेलची आकृती काढता येते का? तीन रेघा लागतात: उत्पादनाची, बचतीची आणि घसारा भरून काढायची. कुठली वाकडी, कुठली सरळ, आणि बचत वाढली की कुठली हलते? हे न बघता आलं तर पहिला आठवडा चार दिवसांत संपेल.

गूळपोळी
आत्ता प्रयत्न केला. दोन वाकड्या आणि एक सरळ काढली. बचत वाढल्यावर सरळ रेघ हलवली 🙈

आकडेमोड
मग तिथूनच सुरुवात करा. बचतीची वाकडी रेघ वर जाते, सरळ रेघ जागच्या जागी राहते.

उसाचा_फड
एवढं काय अवघड करताय. बचत वाढली की वाढीचा दर वाढतो. आम्ही हॅरॉड-डोमार शिकलो तेव्हा बचत भागिले भांडवल-उत्पादन गुणोत्तर, झालं काम. बचत 20 टक्के, गुणोत्तर 4, दर 5 टक्के. बचत 24 केली की दर 6. कायमचा. हे एक सूत्र पाठ करा आणि पुढच्या भागाकडं वळा.

निवृत्त_मास्तर
उसाचा_फड, तुमचं गणित बरोबर आहे, 'कायमचा' हा शब्द अडचणीचा आहे. मी तीस वर्षं पेपर तपासले. वृद्धीच्या प्रश्नात सगळ्यात जास्त गुण कुठं जात असतील तर इथंच. मुलं सोलोच्या प्रश्नाला हॅरॉड-डोमारचं उत्तर लिहितात.

गूळपोळी, कागद घ्या. एका कामगारामागं भांडवल k, उत्पादन y = √k. बचत 20 टक्के, लोकसंख्या दरसाल 2 टक्क्यांनी वाढते, यंत्रांचा घसारा 8 टक्के. म्हणजे कामगारामागचं भांडवल आहे तेवढं टिकवायलाच दरसाल 10 टक्के घालावं लागतं. भांडवल 4 असेल तर उत्पादन 2, बचत 0.4, आणि लागतातही 0.4. गाडी जागेवर उभी.

आता बचत 30 टक्के करा. उत्पादन 2 च आहे, बचत 0.6 झाली, लागतात 0.4. भांडवल 0.2 ने वाढलं, म्हणजे पहिल्या वर्षी 5 टक्के, आणि उत्पादन साधारण अडीच टक्के. इथपर्यंत उसाचा_फड यांचं म्हणणं खरं, दर वाढला. पण भांडवल वाढेल तसा घसाराही वाढतो आणि उत्पादन मात्र वर्गमुळानं, हळूहळू वाढतं. भांडवल 9 ला पोचलं की उत्पादन 3, बचत 0.9, लागतातही 0.9. परत गाडी उभी. माणूस दीडपट कमावतो, पण त्याच्या कमाईच्या वाढीचा दर पुन्हा शून्य. देशाचं एकूण उत्पादन मात्र लोकसंख्येबरोबर 2 टक्क्यांनी वाढतच राहतं. प्रश्न 'दरडोई' विचारलाय की 'एकूण', हे बघितल्याशिवाय पेन टेकवायचं नाही.

उसाचा_फड
मास्तर, मग आमचं सूत्र खोटं का?

निवृत्त_मास्तर
खोटं नाही. तेच सूत्र दोन्ही जागी लावून बघा. आधी भांडवल 4, उत्पादन 2, गुणोत्तर 2. बचत 20 भागिले 2 म्हणजे 10. नंतर भांडवल 9, उत्पादन 3, गुणोत्तर 3. बचत 30 भागिले 3, परत 10. तो सगळा 10 घसाऱ्यात आणि वाढत्या लोकसंख्येत जातो, डोईला काही उरत नाही. तुमच्या मॉडेलात खालचा आकडा खिळ्यानं ठोकलेला आहे, सोलोनं 1956 मध्ये तो मोकळा सोडला. वरचा आकडा सगळे बघतात, छेद सरकला ते कुणी बघत नाही.

उसाचा_फड
हां, हे कुणी सांगितलंच नव्हतं. तरी पण बचत वाढवायला हरकत नाही ना, शेवटी कमाई दीडपट झाली.

आकडेमोड
हरकत आहे, आणि हा पोटप्रश्न हमखास येतो. खर्चाचा आकडा बघा. आधी 2 पैकी 1.6 खर्च. बचत वाढवली त्या वर्षी 2 पैकी 1.4, म्हणजे आधी पोटाला चिमटा. शेवटी 3 पैकी 2.1. मधली किती वर्षं पोटाला चिमटा, हे गूळपोळींनी वर्षावर्षाचा तक्ता करून काढावं. एक संध्याकाळ जाते, पण आकृती पुन्हा विसरत नाही.

कोकणातून_आलेली
माझी मुलगी बारावी कॉमर्सला आहे, तिला हे चालेल का? आणि कोल्हापुरात स्टॅटचा चांगला क्लास कुणी सांगेल का?

पांढरा_रस्सा
ताई, बारावीला सोलो नाही. क्लासचा वेगळा धागा काढा, इथं लोक वर्गमुळं काढत बसलेत.

शिरोलीकर
वाचतोय. मी फौंड्रीत होतो, सोळा वर्षं. ऑर्डरी घटल्या तेव्हा कंपनीनं आम्हा बारा जणांना बसवलं. तीन महिने रोज सकाळी डबा घेऊन निघायचो, एमआयडीसीत फिरायचो, काम आहे का विचारायचो. मग सोडून दिलं आणि गावाकडं भावाच्या शेतात जाऊन राहिलो. ऊस दोघांनी पाजायचा तो तिघांनी पाजला. तुमच्या पुस्तकात मी कुठं बसतो ते सांगा. बेरोजगार का काय?

आकडेमोड
शिरोलीकर, तुमच्या या चार ओळींत बेरोजगारीचा अर्धा भाग आला. पहिले तीन महिने तुम्ही बेरोजगार: काम नाही, पण शोधताय. शेतात गेलात त्या दिवसापासून सरकारी पाहणीत तुम्ही रोजगारात. घरच्या शेतात बिनपगारी राबणाराही रोजगारात धरतात. साप्ताहिक पद्धतीत तर मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर काम केलं तरी पुरतं. तिघांच्या राबण्यानं ऊस एका टनानंही वाढला नसेल, तर पुस्तक त्याला छुपी बेरोजगारी म्हणतं. ती बेरोजगारीच्या दरात दिसत नाही.

शिरोलीकर
ऊस तेवढाच आला. भाऊ काही बोलला नाही, पण वहिनी बोलली.

रंकाळ्याचा_बगळा
वहिनीला सीमान्त उत्पादकता कळली होती.

निवृत्त_मास्तर
😄 शिरोलीकर शेतात न जाता नुसते घरी बसले असते तर काय, हे गूळपोळींसाठी. गावात काम करण्याच्या वयाची 1000 माणसं. 540 कामावर, 60 काम शोधतात. श्रमशक्ती 600, दर 10 टक्के. आता त्या 60 पैकी 20 जण कंटाळून शोधणं सोडतात. उरले 40, पण श्रमशक्तीही 580 झाली. दर 6.9 टक्के. एकालाही काम मिळालं नाही आणि बेरोजगारी तीन टक्क्यांनी 'घटली'. काम करणाऱ्यांचं लोकसंख्येशी प्रमाण बघा: आधी 54 टक्के, नंतरही 54. दोन्ही आकडे लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण देत होतो.

गूळपोळी
सर, 'तीन टक्क्यांनी' म्हणायचं का? 10 वरून 6.9 म्हणजे टक्केवारीत बघितलं तर 31 टक्के घट होते.

निवृत्त_मास्तर
पकडलंत. 'तीन टक्के बिंदूंनी' म्हणायला हवं होतं. 3.1 बिंदू. असंच पेपरात लिहा, माझ्यासारखं नको.

आकडेमोड
आता वेळापत्रकाकडं. माझं मत असं, की तुमचे तीन भाग तीन डब्यांसारखे वेगळे ठेवलेत तीच खोड आहे. महागाई आणि बेरोजगारी यांना जोडणारा फिलिप्स वक्र कुठल्या आठवड्यात येतो? चलनवाढीत की बेरोजगारीत? तुमच्या आखणीत तो दोन्हीकडं अर्धा अर्धा वाचला जाणार आणि उदाहरण कुठंच सुटणार नाही. मी असं करेन: पहिला आठवडा वृद्धी. दुसऱ्यात सोमवार ते बुधवार बेरोजगारी, गुरुवार ते शनिवार चलनवाढ. तिसरा पूर्ण आठवडा फक्त दोघांना जोडणारी उदाहरणं. चौथ्यात जुने पेपर, घड्याळ लावून. आणि दर रविवारी मागच्या आठवड्याची एक आकृती आणि एक उदाहरण कोऱ्या कागदावर. चौथ्या आठवड्यात पहिल्यांदा वृद्धीकडं वळलात तर तीन आठवडे झालेले असतात, सरळ रेघ परत हलणार.

महाद्वारची_मैना
मला पटत नाही. चलनवाढ आधी हवी. निर्देशांक कसा काढतात हेच डोक्यात नसेल तर फिलिप्सच्या आकृतीत उभ्या अक्षावर काय आहे ते कळणार कसं? मी निम्म्या वर्गाला तिथं 'किंमत' लिहिताना बघितलंय.

आकडेमोड
पण बेरोजगारीचा नैसर्गिक दर, म्हणजे ज्या दराला महागाई ना चढते ना उतरते, तो कळल्याशिवाय वक्र कुठं उभा आहे ते कळत नाही. म्हणून बेरोजगारी आधी.

महाद्वारची_मैना
बघा तुम्ही. मी चलनवाढ आधी करून 62 घेतले होते.

उसाचा_फड
चलनवाढीवर मला बोलायचंय. टीव्हीवर सांगतात महागाई कमी झाली. कुठं कमी झाली? मिसळ काय स्वस्त झाली का?

महाद्वारची_मैना
मिसळच घेऊ. समजा प्लेट 60 ची होती, पुढच्या वर्षी 72, त्याच्या पुढच्या वर्षी 76. पहिली वाढ 20 टक्के, दुसरी साडेपाच. महागाईचा दर पाव झाला आणि तुमच्या खिशातून मात्र चार रुपये जास्तच गेले. दर घटणं वेगळं आणि किंमत घटणं वेगळं. प्लेट 70 ला आली तर तिला चलनघट म्हणायचं, आणि तसा दिवस कोल्हापुरात येणार नाही.

खरं उदाहरण हवं असेल तर जुलै 2023 आठवा, टोमॅटोचा महिना. किरकोळ महागाई 7.44 टक्के निघाली. पुढच्या जुलैत ती साडेतीनच्या आसपास आली, रिझर्व्ह बँकेच्या 4 टक्क्यांच्या लक्ष्याखाली. बातम्यांत आनंद. पण तुलना कशाशी होती? आधीच फुगलेल्या जुलैशी. दोन वर्षं मिळून बघितलं तर भाव सव्वाअकरा टक्क्यांनी वर. लघुत्तरी प्रश्नात 'पायाचा परिणाम' विचारला की हेच लिहा.

पांढरा_रस्सा
त्या जुलैत आमच्या खानावळीनं कोशिंबिरीतला टोमॅटो काढून मुळा घातला. तो अजून परत आलेला नाही. हे कशात धरायचं?

महाद्वारची_मैना
प्रतिस्थापन. निर्देशांकाच्या टोपलीतली वजनं ठरलेली असतात, तुमच्या ताटातली नसतात. हासुद्धा पाच गुणांचा प्रश्न आहे, खानावळीला धन्यवाद द्या.

रंकाळ्याचा_बगळा
फिलिप्सचं सोपं आहे की. महागाई वाढली की बेरोजगारी घटते, महागाई घटली की बेरोजगारी वाढते. एक तिरकी रेघ. सोडा.

निवृत्त_मास्तर
भावा, 1958 मध्ये फिलिप्सनं ब्रिटनचे 1861 ते 1957 चे आकडे मांडले तेव्हा तसंच दिसलं होतं, आणि तोही भावांचा नाही, मजुरीच्या वाढीचा दर होता. पण सत्तरच्या दशकात अमेरिकेत दोन्ही एकदम चढले. फ्रीडमन आणि फेल्प्स यांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं: लोक पुढच्या वर्षीच्या महागाईचा अंदाज बांधून मजुरी मागतात, अंदाज वर गेला की तुमची तिरकी रेघ सगळीच्या सगळी वर सरकते. एक रेघ काढून सोडलीत तर निम्मे गुण.

तिसऱ्या आठवड्यासाठी एकच उदाहरण देतो, ते नीट सुटलं तर आठवडा वसूल. यंदाची महागाई = गेल्या वर्षीची महागाई − 0.5 × (बेरोजगारी − 5). नैसर्गिक दर 5 टक्के. महागाई 8 आहे, ती 4 वर आणायची. गूळपोळी, करा आणि इथं टाका.

गूळपोळी
(दोन दिवसांनी) उशीर झाला, दुकानात वर्षअखेरचा हिशेब होता.

4 बिंदू उतरवायचे, एका बिंदूला 2 बिंदू जास्तीची बेरोजगारी. एकूण 8. एका वर्षात करायचं तर बेरोजगारी 13 टक्के. दोन वर्षांत करायचं तर दोन्ही वर्षं 9. पहिल्या वर्षी महागाई 6, दुसऱ्या वर्षी 4. चार वर्षांत करायचं तर दरसाल 7.

मग तिथंच अडकले. 4 वर आली, आता ती 4 वर ठेवायला बेरोजगारी 9 च ठेवायची ना? मी तसं लिहिलं होतं.

निवृत्त_मास्तर
सूत्रात 9 घालून बघा. काय येतं?

गूळपोळी
2. अजून उतरते. मग 5 घातलं. 4 वरच राहिली!! म्हणजे उतरवायलाच किंमत मोजावी लागते, ठेवायला नाही. आणि 5 वर परत आलो म्हणून महागाई 8 वर जात नाही. तिरक्या रेघेत मी हे कधीच बघितलं नव्हतं, कारण मी जुन्याच रेघेवर खाली-वर करत होते, रेघ सरकवतच नव्हते.

आकडेमोड
हेच. मागच्या सत्रात हात थांबला होता तो इथं थांबला असणार.

शिरोलीकर
म्हणजे वर बसलेला माणूस ठरवतो की दोन वर्षं 9 टक्के. त्या 9 मधला एक मी. बरोबर समजलो का?

निवृत्त_मास्तर
बरोबर समजलात. 1979 मध्ये व्होल्कर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेवर आले, व्याजदर चढवले, महागाई तेराच्या घरातून तीन-चारवर आली. मधल्या काळात, 1982 च्या अखेरीला, बेरोजगारी 10.8 टक्क्यांपर्यंत गेली. वहीतल्या 8 बिंदूंमागं माणसं असतात.

शिरोलीकर
आणि सोळा वर्षांचा मोल्डर दोन वर्षं ऊस पाजत बसला तर परत मोल्डर राहतो का? तुमचा 5 चा आकडा 5 च राहतो का तेव्हा?

आकडेमोड
यावर अर्थशास्त्रज्ञांतही एकमत नाही. लांबलेल्या बेरोजगारीनं हातचं कसब जातं आणि नैसर्गिक दरच वर सरकतो असं मानणारा एक गट आहे, युरोपातल्या ऐंशीच्या दशकावरून. दुसरा गट म्हणतो की तिथले कामगार कायदे आणि भत्ते कारण होते. गूळपोळी, टीकात्मक प्रश्न आला तर दोन्ही बाजू लिहा. शिरोलीकर, तुमचा स्वतःचा अनुभव काय?

शिरोलीकर
परत गेलो तेव्हा साचा बसवायला हात कापत होता. पगारही कमी लागला. पण घेतलं त्यांनी.

महाद्वारची_मैना
गूळपोळी, मग क्रम काय ठरवलात? चलनवाढ आधी की बेरोजगारी?

गूळपोळी
बेरोजगारी आधी, कारण शिरोलीकरांच्या गोष्टीमुळं ती अर्धी झालीच आहे 😊 पण मैनाताई, निर्देशांकाचं एक उदाहरण पहिल्या रविवारी घालते, म्हणजे उभ्या अक्षावर 'किंमत' लिहिणार नाही. तिसरा आठवडा पूर्ण फिलिप्सचा. नैसर्गिक दर 5 ऐवजी 6 आणि 0.5 ऐवजी 0.25 घालून तेच उदाहरण परत करते. आकडेमोड, तुमचा खर्चाचा तक्ताही केला. बचत वाढवल्यावर खर्च 1.6 ला परत यायला साडेसहा वर्षं लागतात असं येतंय. बरोबर आहे का?

आकडेमोड
भांडवल किती झाल्यावर खर्च 1.6 होतो ते आधी सांगा.

गूळपोळी
खर्च उत्पादनाच्या 70 टक्के, म्हणजे उत्पादन 2.29 हवं, भांडवल साधारण 5.22. चारवरून तिथं पोचायला.

आकडेमोड
भांडवल बरोबर. आता वर्षं पुन्हा मोजा: 4, 4.2, मग 4.39...

गूळपोळी
4.58, 4.77, 4.95, 5.12, 5.29. म्हणजे सहाव्या वर्षी अजून कमी, सातव्या वर्षी ओलांडतं. साडेसहा बरोबरच होतं की!

आकडेमोड
होतं. मी मुद्दाम मोजायला लावलं.

पांढरा_रस्सा
सात वर्षं पोटाला चिमटा. आमची खानावळ बरी, नुसता टोमॅटोच काढला.